तेरीज जुळत नाही: अंक उलटे पडले की शून्य सरकले?

तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची नावे आणि जमा अशा दोन रकान्यांतली यादी; दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. तिचा फोटो पाहून तपासताना आधी नावे आणि जमा या दोन्ही रकान्यांची बेरीज स्वतः करावी आणि ती फोटोत लिहिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. इथेच फरक निघाला आणि तो ६०० किंवा ५,००० असा, म्हणजे एक अंक व पुढे शून्ये असा असला, तर बहुधा वाचण्यात चूक आहे: १ चा ७, ३ चा ८. फोटो मोठा करून त्या स्थानाचे अंक पुन्हा पाहावेत. बेरीज करताना हातचा राहिला तरी असाच फरक पडतो.

आता एक उदाहरण. नावे बाजूला रोख १८,३५०, ऋणको ५७,९००, खरेदी १,५२,६००, पगार ३६,०००, वाहतूक ७,४५०, स्टेशनरी ३,०००, एकूण २,७५,३००. जमा बाजूला भांडवल ८०,०००, धनको ३४,२००, विक्री १,५८,४००, एकूण २,७२,६००. दोन्ही बेरजा फोटोतल्याशी जुळतात, तरी नावे बाजू २,७०० ने जास्त आहे. रक्कम चुकीच्या बाजूला गेली तर फरक तिच्या दुप्पट पडतो; २,७०० च्या निम्मी १,३५० ही रक्कम कुठेच नाही, म्हणजे तशी चूक यात दिसत नाही.

२,७०० ला ९ ने भाग जातो. भागाकार ३००. बरेच जण इथे लगेच अंकांची अदलाबदल म्हणून मोकळे होतात, पण शून्य सरकले तरी फरकाला ९ ने भाग जातो, कारण दहापट रकमेतून मूळ रक्कम वजा केली की नऊपट उरते. म्हणून ३०० हा आकडा दोन्ही अर्थांनी वाचावा लागतो.

शून्य सरकले असेल तर ३०० हीच मूळ रक्कम. नावे बाजूला ३०० ऐवजी ३,००० पडले असतील, किंवा जमा बाजूला ३,००० ऐवजी ३००. इथे स्टेशनरीवर संशय जातो.

शेजारचे अंक उलटे पडले असतील तर ३०० मधला ३ हा त्या दोन अंकांतला फरक सांगतो आणि शून्ये जागा सांगतात: शतक आणि सहस्र. नावे बाजू जास्त आहे, म्हणून तिथे सहस्राचा अंक शतकाच्या अंकापेक्षा ३ ने मोठा असलेली रक्कम शोधायची. वाहतूक ७,४५० नेमकी तशी आहे; उलटवली की ४,७५०. जमा बाजूला याच्या उलट, म्हणजे सहस्राचा अंक ३ ने लहान हवा. तशी रक्कम तिथे नाही.

दोन संशयित उरले. इथे अंदाजाने आकडा बदलू नये; खतावणीची दोन पाने उघडावीत. स्टेशनरीची बाकी ३,००० च निघाली आणि वाहतुकीची ४,७५०, तर चूक तेरजेत उतरवताना झाली. वाहतुकीची बाकी खतावणीतही ७,४५० असेल, तर त्या खात्याची बेरीज आणि पावत्या पाहाव्या लागतात.

नऊची कसोटी फक्त दिशा दाखवते. दोन चुका एकत्र आल्या की ती फसू शकते, आणि कीर्दीतच अंक उलटे लिहून दोन्ही खात्यांना तीच रक्कम गेली असेल, तर तेरीज जुळते आणि चूक तशीच राहते.