फोटो एमबीत मोजू नका
चॅटजीपीटीच्या फुकट प्लॅनवर फोटो टाकण्याची मर्यादा संपली की हमखास एक सल्ला मिळतो: फोटो कॉम्प्रेस करा, जास्त बसतील. हा सल्ला चुकीचा आहे, कारण चॅटबॉटमागचे मॉडेल फोटो एमबीत मोजतच नाही.

फोटो आत गेला की फाइल उलगडते आणि उरतात ते पिक्सेल. त्यांचे चौकोनी तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याचे आकड्यांत रूपांतर होते. मजकुराचेही असेच तुकडे होतात, त्यांना टोकन म्हणतात. मॉडेलच्या लेखी फोटो आणि वाक्य दोन्ही टोकनच.

जीपीटी-४ओ मॉडेलसाठी ओपनएआयने प्रोग्रॅमरांना दिलेला हिशेब पाहा. मोबाइलचा ४०००×३००० पिक्सेलचा फोटो घ्या. तो आधी २०४८ च्या चौकोनात बसेल इतका लहान होतो, म्हणजे २०४८×१५३६. मग आखूड बाजू ७६८ वर आणली जाते: १०२४×७६८. यावर ५१२ पिक्सेलच्या चौकटी आखल्या की चार लागतात. प्रत्येकीचे १७० टोकन, वर ठरावीक ८५. एकूण ७६५. फाइल ४ एमबीची असो की ४०० केबीची, पिक्सेल तितकेच असतील तर उत्तर ७६५च.

आता चॅटकडे वळू. मॉडेलला मागचे काही आपोआप आठवत नाही. प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर आधीचा सगळा संवाद, फोटोंसकट, त्याच्यापुढे पुन्हा ठेवला जातो. दहा फोटो टाकून वीस प्रश्न विचारले, तर फोटोंचेच दीड लाखाहून जास्त टोकन हाताळावे लागतात. आधीचे हिशेब साठवून पुन्हा वाचण्याचे काम वाचवता येते, पण ते साठवायला जीपीयू या मॉडेल चालवणाऱ्या चिपची महागडी मेमरी अडून राहते. कंपनी फुकट प्लॅनवर हात आखडते तो इथे.

जीपीटी-४ओच्या काळात एका संवादाची जागा, म्हणजे मॉडेलपुढे एका वेळी ठेवता येणारा मजकूर आणि फोटो, फुकट प्लॅनला ८ हजार टोकन होती, महिना २० डॉलरच्या प्लसला ३२ हजार. वरच्या हिशेबाने पहिल्यात असे दहा फोटो, दुसऱ्यात एकेचाळीस; तेही प्रश्नोत्तरांना जागा न ठेवता. हे आकडे कंपन्या बदलत राहतात. शिवाय दिवसाला किंवा काही तासांत किती फोटो टाकता येतील, ही मर्यादा वेगळी असते. अमुक वाक्य टाइप केले की ती उठते, असे सांगणारे व्हिडिओ सर्रास फिरतात. ती मोजणी मॉडेलबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर होते. मॉडेलला कितीही विनवले तरी तिथला आकडा हलत नाही.

संवादाची जागा भरल्याची खूण म्हणजे पहिल्या फोटोबद्दल विचारल्यावर गोलमाल किंवा चक्क चुकीचे उत्तर येते. तेव्हा नवा चॅट उघडावा आणि लागणारा फोटोच पुन्हा टाकावा. बिलातला एकच तक्ता वाचून हवा असेल तर तेवढाच भाग कापून घ्यावा: टेबल, चहाचा कप यांवर पिक्सेल खर्च होत नाहीत आणि लहान केल्यावरही आकडे ठळक राहतात.