एकमार्गी प्रचरण विश्लेषण आणि पश्चात तुलना

तीन किंवा अधिक उपचारगटांच्या सरासऱ्यांमधील फरक योगायोगाने पडू शकेल त्याहून मोठा आहे का, हे एकाच चाचणीने तपासण्याची संख्याशास्त्रीय पद्धत. रॉनल्ड फिशर यांनी ती इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतीप्रयोगांच्या कामातून विकसित केली. चार गटांच्या सहा जोड्यांवर ५ टक्के पातळीने वेगवेगळ्या टी-चाचण्या केल्या, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसताना कुठेतरी फरक ‘सापडण्याची’ शक्यता सुमारे २० टक्क्यांपर्यंत जाते.

कल्पित उदाहरण रावेर तालुक्यातील केळीचे घेऊ. प्रचलित खतपद्धत (नियंत्रण) आणि अ, ब, क ही तीन नवी खतमिश्रणे प्रत्येकी सहा वाफ्यांना चिठ्ठ्या टाकून दिली. घडांचे सरासरी वजन अनुक्रमे १८, २०, २१ आणि २३ किलो भरले. गटांमधील वर्गबेरीज, म्हणजे प्रत्येक वाफ्यासाठी गटाची सरासरी आणि एकूण सरासरी यांतील फरकाच्या वर्गांची बेरीज, ७८ असून ती गटसंख्येहून एक कमी अशा ३ स्वातंत्र्यमात्रांनी भागल्यास २६ मिळतात. वाफ्यांच्या आपापल्या गटाच्या सरासरीपासूनच्या फरकांची गटांतर्गत वर्गबेरीज ८० असून ती २४ वाफ्यांतून ४ गट वजा जाता उरणाऱ्या २० स्वातंत्र्यमात्रांनी भागल्यास ४ मिळतात. त्यांचे गुणोत्तर एफ = ६.५ हे ५ टक्के पातळीच्या ३.१० या मर्यादेहून मोठे आहे. म्हणजे चारही सरासऱ्या सारख्या नाहीत. मात्र वेगळी कोणती, हे एफ सांगत नाही.

ते ठरवणारी पश्चात तुलना प्रयोगाच्या प्रश्नावरून निवडावी लागते. नवी मिश्रणे प्रचलित पद्धतीहून वेगळी ठरतात का, एवढेच विचारायचे असेल तर डनेट यांची पद्धत योग्य. तिच्यानुसार नियंत्रणापासून सुमारे २.९३ किलोंचा फरक लागतो, म्हणून ब आणि क दोन्ही पात्र ठरतात. सर्व सहा जोड्या पाहायच्या असतील तर टुकी यांची पद्धत सुमारे ३.२३ किलो मागते आणि नियंत्रणाहून ३ किलोंनी सरस असलेला ब मागे पडतो. आकडे तेच असूनही निष्कर्ष बदलत असल्यामुळे ही निवड वजने हाती येण्यापूर्वी करायला हवी. निकाल पाहून सोयीची पद्धत घेणे हा गैरवापर होय. कृषी अहवालांच्या तक्त्याखाली छापला जाणारा क्रांतिक फरक (सी.डी.) येथे केवळ २.४१ किलो येतो, कारण त्यात तुलनांची संख्या धरलेली नसते. एफ सार्थ ठरल्यावरच तो वापरला तरी चार गटांसाठी ते संरक्षण अपुरे पडते.

वादळाने काही वाफ्यांतील झाडे मोडून एखाद्या गटातील वजनांचा विस्तार इतरांच्या कैकपट झाला, तर सर्व गटांतील विस्तार सारखाच असतो हे समान प्रचरणाचे गृहीतक टिकत नाही. प्रत्येक वजनातून गटाची सरासरी वजा केल्यावर उरणाऱ्या अवशेषांच्या आलेखात तो गट उघड दिसतो. अशा वेळी वेल्च यांची चाचणी आणि गेम्स-हॉवेल तुलना वापरतात.

याहून अधिक आढळणारी चूक मोजणीतली असते. एका वाफ्यातील दहा झाडांचे घड तोलले म्हणजे दहा पुनरावृत्ती होत नाहीत, कारण खत वाफ्याला दिलेले असते आणि त्या झाडांची माती व ठिबकची नळीही एकच असते. त्या दहांची सरासरी काढून वाफ्याला एकच आकडा द्यावा लागतो. अन्यथा २० ऐवजी २३६ स्वातंत्र्यमात्रा दिसतात आणि नगण्य फरकही सार्थ ठरू शकतात.