शेल्फसमोरचे अनामिक सेकंद: वर्दळीचा नकाशा कसा तयार होतो

दुकानातील कोणत्या शेल्फसमोर ग्राहक रेंगाळतात, हे छतावरच्या कॅमेऱ्यातून कळण्यासाठी ते ग्राहक कोण आहेत हे कळण्याची गरज नसते. व्यक्तीची ओळख नेमकी किती लागते, हा प्रश्न मात्र वाटतो त्यापेक्षा बारकाईने विचारावा लागतो, कारण जास्त वर्दळीच्या जागा तापलेल्या रंगांत दाखवणाऱ्या या नकाशाच्या प्रत्येक आकड्याला ती वेगवेगळ्या प्रमाणात लागते.

सुरुवात चित्रातील माणूस शोधण्यापासून होते. संगणकाचे प्रारूप प्रत्येक फ्रेममध्ये माणसाभोवती एक आयत काढते. चेहऱ्याशी त्याला काही देणेघेणे नसते, आणि चेहरा ओळखू येणार नाही इतके धूसर चित्रही त्याला बहुधा पुरते. या आयताच्या तळकडेचा मध्यबिंदू म्हणजे पावलांची जागा असे धरले जाते. हा बिंदू चित्रातला असतो, तर आपल्याला हवी असते जमिनीवरची जागा. त्यासाठी जमिनीवरचे किमान चार बिंदू टेपने मोजून घेतात, तेच बिंदू चित्रात खुणावतात आणि त्यांवरून चित्राचे प्रतल जमिनीच्या प्रतलाशी जोडणारे गणिती रूपांतर, म्हणजे होमोग्राफी, काढतात. या चारपैकी कोणतेही तीन बिंदू एका रेषेत असता कामा नयेत. आणखी दोन-तीन बिंदू मोजून बाजूला ठेवावेत आणि रूपांतर त्यांची जागा बरोबर सांगते का ते तपासावे. ही तपासणी टाळणारा माणूस पुढे रंगीत पण चुकीचा नकाशा बाळगतो.

हे रूपांतर फक्त जमिनीला लागू पडते, आणि सर्वांत मोठी चूक इथेच होते. समजा, कॅमेरा ३.२ मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या पायथ्यापासून ६ मीटर अंतरावर एक ग्राहक उभा आहे. मधल्या ठेंगण्या मांडणीमुळे त्याचे पाय झाकले गेले आणि शरीर जमिनीपासून ०.८ मीटरच्या वरच दिसले, तर आयताची तळकड कमरेजवळ येते. संगणक ती जमिनीवरची समजतो, आणि समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने ग्राहक ६ × ३.२ ÷ (३.२ − ०.८), म्हणजे ८ मीटरवर उभा असल्याचे दाखवतो. दोन मीटरचा हा फरक त्याला समोरचे शेल्फ ओलांडून शेजारच्या मार्गिकेत नेऊ शकतो. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: जिथे माणूस उभाच राहू शकत नाही अशा शेल्फच्या पोटात नकाशा तापलेला दिसू लागतो. अशा वेळी तो भाग पुसून टाकण्याचा मोह होतो, पण पुसल्याने चूक जात नाही, कारण शेजारच्या मार्गिकेत गेलेली उष्णता तिथेच राहते. कॅमेरा सरळ खाली पाहील असा बसवणे किंवा डोक्याच्या जागेवरून सरासरी उंची धरून पावलांची जागा काढणे, हे खरे उपाय आहेत.

जागा मिळाली की जमिनीवर चौकटींची जाळी आखतात, उदाहरणार्थ अर्धा मीटर बाजूच्या चौरसांची. सेकंदाला ५ फ्रेम तपासल्या जात असतील, तर प्रत्येक फ्रेममध्ये चौकटीत दिसलेला प्रत्येक माणूस त्या चौकटीच्या खात्यात ०.२ सेकंद जमा करतो. तासाभराची ही बेरीज म्हणजे मनुष्य-सेकंद. ही बेरीज करताना या फ्रेममधला माणूस आणि पुढच्या फ्रेममधला माणूस एकच आहे का, हे विचारावेच लागत नाही. म्हणून एकूण उष्णतेच्या नकाशाला ओळख मुळीच लागत नाही, तात्पुरत्या क्रमांकाचीसुद्धा नाही.

पण हा नकाशा एका महत्त्वाच्या प्रश्नावर मुका असतो. पन्नास ग्राहक प्रत्येकी १२ सेकंद थांबले काय आणि माल लावणारा एक कर्मचारी १० मिनिटे उभा राहिला काय, दोन्हींची बेरीज ६०० मनुष्य-सेकंदच येते. थांबण्याचा सरासरी काळ काढण्यासाठी प्रत्येकाचा माग ठेवावा लागेल असे वाटते. परंतु जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांविषयीचा नियम इथे फार उपयोगी पडतो. एखाद्या जागेत सरासरी किती माणसे असतात, ती संख्या येणाऱ्यांचा दर आणि थांबण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराएवढी असते. समजा, एका शेल्फसमोरच्या पट्ट्यात तासाभरात ५४०० मनुष्य-सेकंद जमा झाले आणि पट्ट्याची सीमा ३०० वेळा आत ओलांडली गेली. तर प्रत्येक प्रवेशामागे सरासरी १८ सेकंद पडतात. सीमा ओलांडली हे ठरवण्यासाठी माणसाला काही फ्रेमपुरतेच जोडावे लागते, आणि मग विसरता येते. मला या क्षेत्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तरीही या १८ सेकंदांवर विसंबू नये. त्या ३०० पैकी २४० जण न थांबता चार-चार सेकंदांत पुढे गेले असतील, तर त्यांचे ९६० सेकंद होतात. उरलेले ४४४० सेकंद ६० जणांचे, म्हणजे प्रत्येकी ७४ सेकंद. अठरा सेकंद थांबणारा बहुधा त्यांत कोणीच नव्हता. म्हणून चालणे आणि थांबणे वेगळे करावे लागते, आणि त्यासाठी वेग पुरतो: लागोपाठच्या काही फ्रेममधील अंतरावरून, सेकंदाला ०.३ मीटरसारख्या मर्यादेपेक्षा हळू असतानाचाच वेळ धरायचा. दुसरा दोष सीमेवर दिसतो. ऐन रेषेवर उभ्या असलेल्या माणसाचा आयत थरथरतो, तोच माणूस दहा वेळा आत-बाहेर मोजला जातो आणि सरासरी काळ खोटा घसरतो. आत जाणारे आणि बाहेर पडणारे यांची संख्या जुळवून हा दोष सापडत नाही, कारण दोन्ही सारखीच फुगतात. दहा मिनिटांचे चित्रण माणसाने स्वतः मोजूनच तो पकडावा लागतो. आत-बाहेर अशा दोन रेषा आखून, दोन्ही ओलांडल्यावरच प्रवेश धरला की तो बराच आटोक्यात येतो.

आता गोपनीयतेकडे वळू. फ्रेम कॅमेऱ्याजवळच्याच यंत्रात तपासून लगेच टाकून दिल्या आणि बाहेर केवळ चौकटींच्या बेरजा गेल्या, तर चेहरे सुरक्षित राहतात. मात्र बेरीजही बोलू शकते. दुकानात एकच ग्राहक असताना मिनिटामिनिटाचा नकाशा म्हणजे त्याच ग्राहकाची वाट असते, आणि बिलावरची वेळ तिला नावाशी जोडते. म्हणून बेरजा तासाच्या ठेवाव्यात आणि अगदी कमी प्रवेश असलेल्या चौकटी रिकाम्या दाखवाव्यात. तेही पुरेसे नाही: दिवसाची बेरीज आणि इतर सर्व तासांच्या बेरजा उपलब्ध असल्या, तर झाकलेला तास साध्या वजाबाकीने उघडा पडतो. यावर २००६ मध्ये मांडली गेलेली विभेदक गोपनीयतेची पद्धत चालते. तीत आकड्यांत मोजूनमापून यादृच्छिक भर घालतात, जेणेकरून एक व्यक्ती असण्या-नसण्याने निष्कर्ष फारसा बदलू नये.

अडचण अशी की भर किती घालायची हे एका व्यक्तीचा वाटा जास्तीत जास्त किती असू शकतो यावर ठरते. वाट्याला दोन मिनिटांची मर्यादा घालायची, तर तो वाटा त्याच माणसाचा आहे हे दोन मिनिटे लक्षात ठेवावे लागते. म्हणजे गोपनीयतेच्या हमीसाठीच थोडा माग हवा. व्यवहार्य तडजोड अशी: माणूस एका कॅमेऱ्याच्या दृष्टीत असेपर्यंत त्याला फक्त यंत्राच्या चालू स्मृतीत एक क्रमांक द्यावा, तो डिस्कवर कधीच लिहू नये, आणि माणूस दृष्टीआड होताच पुसावा. तोच ग्राहक पाच मिनिटांनी परतला, तर यंत्राने त्याला नवा माणूस म्हणूनच मोजावे. त्यामुळे वाट्याची मर्यादा व्यक्तीला न लागता तिच्या प्रत्येक फेरीला लागते आणि हमीही तेवढीच मर्यादित होते. नकाशासोबत हे स्पष्ट लिहिलेले असावे.