चित्र गेलं तरी रेणू उरावा म्हणून

‘खालील संयुगावर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया केल्यास मुख्य उत्पादित कोणते?’ जुन्या डिजिटल प्रश्नसंचांत असे प्रश्न भेटतात आणि ‘खालील’च्या जागी नुसती रिकामी चौकट असते. चित्राची फाइल कधीतरी पुसली गेलेली असते. कुणी कडेला रेणुसूत्र लिहून ठेवलं असेल, C7H12, तर वाटतं की निदान एवढं तरी हाती आहे. पण या सूत्रात बसणारे रेणू पुष्कळ आहेत. सहा कार्बनचं वलय, त्याला एक मिथाइल गट आणि वलयात एक दुहेरी बंध, एवढं नक्की धरलं तरी दुहेरी बंधाच्या तीन वेगवेगळ्या जागा उरतात. दुहेरी बंध मिथाइल असलेल्या कार्बनलाच लागून असेल, तर ब्रोमीन सरळ त्याच कार्बनवर जातो आणि उत्तर एकच मिळतं. उरलेल्या दोन्हींत उत्पादितांचं मिश्रण होतं, म्हणजे तिथे ‘मुख्य उत्पादित कोणते’ हा प्रश्नच नीट उभा राहत नाही.

उत्तरावरून मागे जावं, तर तेही जमेलच असं नाही. समजा उत्तर आहे १-ब्रोमो-१-मिथाइलसायक्लोहेक्झेन. ते वलयाच्या आतल्या दुहेरी बंधापासून मिळतं, तसंच दुहेरी बंध वलयाबाहेर निघालेला असेल तरी मिळतं. दोन्ही वाटांवर मधला कार्बोकॅटायन एकच असतो.

हे सगळं एका ओळीने टळलं असतं:

```
CC1=CCCCC1
```

या लेखनपद्धतीचं नाव स्माइल्स. डेव्हिड वायनिंगर यांनी ती १९८० च्या दशकात तयार केली आणि १९८८ मध्ये शोधनिबंधातून मांडली. वाचायची रीत सोपी आहे. शेजारी लिहिलेले अणू एकेरी बंधाने जोडलेले, `=` म्हणजे दुहेरी बंध. हायड्रोजन लिहायचे नाहीत, कार्बनचे चार बंध पुरे होतील इतके ते आहेतच असं समजायचं. पहिला C हा मिथाइल. दुसऱ्या C पुढचा 1 म्हणजे ‘इथे वलय कापलंय’ अशी खूण, आणि शेवटच्या C पुढचा 1 म्हणजे ‘ते टोक इथे जोडा’. तो अंक कार्बनचा क्रमांक नाही. नवखा माणूस इथेच हमखास अडखळतो.

फांदी कंसात जाते. उत्पादित असं लिहायचं: `CC1(Br)CCCCC1`. पूर्ण अभिक्रिया, दोन रेणूंमध्ये टिंब आणि बाणाच्या जागी `>>` घालून, एका ओळीत मावते:

```
CC1=CCCCC1.Br>>CC1(Br)CCCCC1
```

यातला एकटा `Br` म्हणजे हायड्रोजन ब्रोमाइड, कारण उरलेला बंध हायड्रोजनचा. ब्रोमीनचा रेणू हवा असेल तर `BrBr`. याच नियमाने `CO` लिहिलं की ते मिथेनॉल होतं. कार्बन मोनॉक्साइडसाठी `[C-]#[O+]` लिहावं लागतं, त्यात `#` म्हणजे तिहेरी बंध. चौकोनी कंसात आलेल्या अणूला हायड्रोजन आपोआप मिळत नाहीत, हवे तितके स्वतः लिहायचे.

चूक कशी ओळखायची? वरच्या ओळीतला एकच C गळला तर `CC1=CCCC1` उरतं. ही ओळ निर्दोष आहे, कुठलाही प्रोग्राम तक्रार करणार नाही, फक्त वलय आता पाच कार्बनचं झालंय. म्हणून ओळीशेजारी रेणुसूत्र लिहावं. मोजदाद C6H10 आली आणि शेजारी C7H12 असेल, तर गडबड कळते. पण दुहेरी बंधाची जागा चुकली तर सूत्र बदलत नाही. त्यासाठी ओळ रेणू काढणाऱ्या प्रोग्रामात टाकून, उमटलेलं चित्र मूळ चित्र हाताशी असतानाच ताडून पाहावं. हे काम पुढे ढकलू नये.

आता अवघड भाग. प्रश्न असा आहे: ‘२-ब्युटीनवर ब्रोमीनची क्रिया केली, तर उत्पादित मिसो असेल की रेसेमिक?’ ब्रोमीनचे दोन अणू दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंनी जोडले जातात. त्यामुळे ट्रान्स ब्युटीनपासून मिसो संयुग मिळतं आणि सिस ब्युटीनपासून रेसेमिक मिश्रण. सगळं उत्तर मिथाइल गट कुठल्या बाजूंना आहेत यावर उभं आहे, आणि `CC=CC` एवढंच लिहिलं तर नेमकं तेच हरवतं. बाजू दाखवायला तिरप्या रेघा आहेत:

```
C/C=C/C    ट्रान्स
C/C=C\C    सिस
```

पहिल्या ओळीत डावा मिथाइल खालून चढत दुहेरी बंधाशी येतो आणि उजवा तिथून वर जातो, म्हणून दोघे विरुद्ध बाजूंना. रेणू असा सरळ ओळीत लिहिलेला असेल तर सारख्या रेघा ट्रान्स, उलटसुलट रेघा सिस.

मिसो उत्पादित असं दिसतं:

```
C[C@H](Br)[C@H](Br)C
```

`@` म्हणजे, आधी लिहिलेल्या अणूकडून पाहिलं असता उरलेले तीन शेजारी लिहिलेल्या क्रमाने घड्याळाच्या उलट दिशेने येतात. `@@` म्हणजे घड्याळाच्या दिशेने. पुष्कळांना वाटतं `@` म्हणजे S आणि `@@` म्हणजे R. तसं मुळीच नाही. वरच्या ओळीत दोन्हीकडे `@` आहे, तरी एक केंद्र S आणि दुसरं R आहे. R-S हे गटांच्या अग्रक्रमावर ठरतं, `@` नुसत्या लिहिण्याच्या क्रमावर.

आणि ही चिन्हं वाटेत गळतात. बऱ्याच संगणकीय व्यवस्थांत `\` या चिन्हाला स्वतंत्र अर्थ असतो. त्या ते गिळून टाकतात आणि `C/C=C\C` चं `C/C=CC` होतं. उरलेली एकटी रेघ काहीच सांगत नाही, म्हणजे सिस-ट्रान्सची माहिती बिनबोभाट गेली. मार्कडाउन या मजकुराच्या मांडणीसाठीच्या लेखनपद्धतीत तर `[C@H](Br)` हा थेट दुव्याचा साचा आहे, कंस नाहीसे होतात आणि अधोरेखित C@H उरतं. म्हणून ही ओळ नेहमी कोडच्या चौकटीत ठेवावी आणि शेजारी साध्या शब्दांत ‘सिस’ किंवा ‘2R,3S’ असं लिहावं.

एक अडचण शोधण्याची. `CC1=CCCCC1` आणि `C1CCCC(C)=C1` हे एकच रेणू, सुरुवात कुठून केली एवढाच फरक. त्यामुळे नुसत्या मजकुरात शोधलं तर जुना प्रश्न सापडणार नाही. प्रोग्राम आपापल्या नियमांनी एक ठरावीक रूप काढून देतात, पण दोन प्रोग्रामांची रूपं जुळतीलच असं नाही. शुद्ध आणि उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाची InChI ही पद्धत याचसाठी आहे. तिच्यातून निघणारी २७ अक्षरांची आखूड खूण, InChIKey, शोधायला फार सोयीची, पण तीवरून रेणू परत उभा करता येत नाही. ज्याच्याकडे आधीच यादी आहे, त्यालाच ती उपयोगी. प्रश्नाखाली फक्त तीच लिहून ठेवणं म्हणजे कुलूप फेकून किल्ली जपणं.

काही चित्रं मात्र या ओळीत मावतच नाहीत. इलेक्ट्रॉनांची वाट दाखवणारे वाकडे बाण, सायक्लोहेक्झेनचं खुर्चीरूप, न्यूमन प्रक्षेप, यांतलं काहीच स्माइल्समध्ये येत नाही, कारण ती फक्त कोण कुणाला जोडलंय आणि कुठल्या बाजूने हे सांगते. फेरोसीनसारख्या धातुसंयुगांत बंध नेमका कुठे मोजायचा हेच प्रत्येक प्रोग्राम वेगळं ठरवतो. खुर्चीरूपाचा प्रश्न असेल तर ‘मिथाइल विषुववृत्तीय, ब्रोमीन अक्षीय’ असं सरळ वाक्यच लिहावं लागतं.