व्यक्तिचित्रांसाठी लोरा प्रशिक्षण

एखाद्या व्यक्तीची वीस ते चाळीस छायाचित्रे वापरून चित्रनिर्मिती मॉडेलला तिचा चेहरा शिकवणे आणि मग जलरंग, शाईचे रेखाटन किंवा लाकडी ठसा अशा निरनिराळ्या शैलींत तीच व्यक्ती ओळखू येईल अशी चित्रे करून घेणे, यासाठी लोरा प्रशिक्षण वापरले जाते. लोरा म्हणजे लो-रँक अडॅप्टेशन. ही पद्धत २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी भाषिक मॉडेलांसाठी मांडली आणि पुढे ती स्टेबल डिफ्यूजनसारख्या चित्रनिर्मिती मॉडेलांसाठीही रूढ झाली.

या पद्धतीत मूळ मॉडेलला हात लावला जात नाही. त्यातील निवडक मॅट्रिक्सांच्या जोडीला दोन अरुंद मॅट्रिक्स ठेवून फक्त त्यांचेच प्रशिक्षण केले जाते. १२८० × १२८० आकाराच्या मॅट्रिक्समध्ये सुमारे १६ लाख ३८ हजार संख्या असतात. रँक, म्हणजे या अरुंद मॅट्रिक्सांची रुंदी, १६ ठेवल्यास लोराला त्यासाठी ४०,९६० संख्या पुरतात. त्यामुळे तयार होणारी फाइल लहान राहते आणि घरच्या ग्राफिक्स कार्डावरही काम होऊ शकते. एका चेहऱ्यासाठी ८ ते ३२ ही रँक सहसा पुरेशी ठरते. रँक फार वाढवली तर चेहऱ्याबरोबर पार्श्वभूमी, कपडे आणि छायाचित्राचा पोतही लक्षात ठेवायला मॉडेलला जागा मिळते.

शैलीबद्ध चित्रांच्या बाबतीत खरी अडचण हीच आहे. प्रशिक्षणाची सामग्री छायाचित्रांची असते आणि फलित मात्र चित्राचे हवे असते. म्हणून व्यक्ती आणि तिचे छायाचित्र या दोन गोष्टी मॉडेलच्या दृष्टीने वेगळ्या कराव्या लागतात. हे काम मुख्यतः कॅप्शनमधून, म्हणजे छायाचित्राच्या लेखी वर्णनातून, होते. प्रत्येक छायाचित्रासोबत त्याच नावाची मजकूर फाइल असते आणि तिच्यात व्यक्तीसाठी एरवी न वापरला जाणारा एक ट्रिगर शब्द असतो. कॅप्शनमध्ये जे लिहिले जाते ते त्या त्या शब्दाकडे जाते. जे लिहिले जात नाही, पण पुन्हा पुन्हा दिसते, ते ट्रिगर शब्दाला चिकटते.

समजा, एका गायिकेची ३० छायाचित्रे आहेत आणि त्यांतील १४ एकाच मैफलीतील, हिरव्या साडीतील आहेत. कॅप्शनमध्ये केवळ ट्रिगर शब्द असेल, तर समुद्रकिनाऱ्यावरील जलरंग चित्र मागितले तरी हिरवी साडी आणि रंगमंचाचा पिवळा प्रकाश परत येईल. म्हणून मैफलीतील १४ पैकी चार-पाचच छायाचित्रे ठेवून त्यांचे कॅप्शन असे लिहावे:

```
ohwx woman, photo, green sari, holding a microphone, stage lights
```

येथे `ohwx` हा ट्रिगर शब्द आहे. `photo` हा शब्दही महत्त्वाचा आहे, कारण छायाचित्रपणा त्याच्याकडे जातो आणि पुढे त्याच्या जागी `watercolor` लिहिल्यावर चेहऱ्यातून कॅमेऱ्याचा पोत बऱ्याच अंशी सुटतो. गायिकेच्या गालावरचा तीळ किंवा नाकाची ठेवण कॅप्शनमध्ये लिहू नये, कारण ती तिची ओळख आहे. ती नेहमी चष्मा लावत असेल आणि प्रत्येक चित्रात तो हवा असेल, तर चष्म्याचाही उल्लेख टाळावा.

निवडीत संख्येपेक्षा वैविध्य मोलाचे असते: समोरून, तीन-चतुर्थांश आणि बाजूने घेतलेले चेहरे, वेगवेगळे प्रकाश, हसरे आणि शांत भाव. जवळून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. अशाच सेल्फी जास्त असतील, तर ती विकृती चेहऱ्याचा भाग ठरते. शिवाय काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र आरशासारखे उलटे साठवतात, त्यामुळे डाव्या गालावरचा तीळ कधी उजव्या गालावर जातो. याच कारणाने प्रशिक्षण-प्रणालीतील आडवे उलटवण्याचा पर्याय चेहऱ्यासाठी बंद ठेवावा.

बॅच १ असताना, म्हणजे एका पायरीत एकच छायाचित्र दाखवताना, ३० छायाचित्रे प्रत्येकी पाच वेळा दाखवली, तर एका एपॉकमध्ये, म्हणजे सगळ्या सामग्रीच्या एका फेरीत, १५० पायऱ्या होतात आणि दहा एपॉकमध्ये १,५००. प्रत्येक एपॉकची फाइल जपून ठेवावी आणि एकच सीड, म्हणजे चित्राची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा, ठेवून सर्व फाइलींवर सारखे प्रॉम्प्ट चालवून पाहावेत. लॉसचा, म्हणजे प्रशिक्षणातील चुकीच्या मापाचा, आकडा येथे फारसा उपयोगी पडत नाही. डोळ्यांनी पाहिलेली तुलनाच निर्णायक असते. सुरुवातीच्या फाइलींत चेहरा नुसताच मिळताजुळता असतो. शेवटच्या फाइलींत साम्य पक्के असते, परंतु जलरंग मागूनही त्वचेवर छायाचित्राची चकाकी येते, भाव बदलत नाही आणि मूळ छायाचित्रातील मानेचा कलही उमटतो. ही अतिप्रशिक्षणाची चिन्हे आहेत. अशा वेळी आधीच्या एपॉककडे जावे किंवा लोराचे वजन, म्हणजे त्याच्या प्रभावाचे प्रमाण, प्रॉम्प्टमध्ये उतरवावे, जसे `<lora:gayika:0.7>`. वजन फार उतरवले की शैली खुलते, पण ओळख हरवते.

अशा लोराने काढलेल्या चित्रात दुसरी व्यक्ती आली, तर तिलाही बहुधा तोच चेहरा मिळतो, कारण `woman` या सामान्य शब्दाचा अर्थही प्रशिक्षणात सरकलेला असतो. इतर स्त्रियांची सर्वसाधारण चित्रे प्रशिक्षणात मिसळल्यास हा दोष कमी होतो. पूर्ण जात नाही. म्हणून समूहचित्रात आधी लोराविना सगळी रचना काढून, नंतर फक्त त्या व्यक्तीच्या चेहऱ्याचा भाग निवडून तो लोरासह पुन्हा काढणे अधिक भरवशाचे ठरते.