परिचारिकांमधील बर्नआउट : ताण-सत्र आणि ड्यूटी लिस्ट

कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यामुळे माणसाची जी अवस्था होते तिला बर्नआउट म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी 1981 मध्ये सहकाऱ्यासोबत ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून आहे. तिथे तीन खुणा दिल्या आहेत : शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

वॉर्डात यांतली दुसरी खूण सर्वांत आधी दिसते, आणि ती बोलण्यात दिसते. एरवी 'आजी, सुई टोचतेय हं' म्हणणारी सिस्टर 'बारा नंबरचं इंजेक्शन राहिलंय' एवढ्यावर येते. नातेवाइकाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की ती फाइलमधून मान वर न करता उत्तर देते. ती मुळात रागीट आहे असा समज होतो, पण ती पूर्वी तशी नव्हती हे सोबतच्या सिस्टरला ठाऊक असते. म्हणून ही खूण स्वतःच्या आधी सोबतच्या सिस्टरच्या लक्षात येते.

मुंबईतील रुग्णालयांत परिचारिकांसाठी ताणावर सत्रे होतात. सकाळची पाळी संपताना आणि दुपारची सुरू होताना दोन्ही पाळ्या हाताशी असतात, म्हणून सत्राला दुपारची वेळ सोयीची पडते. ती सोय व्यवस्थापनाची असते. रात्रपाळी करून सकाळी घरी गेलेल्या सिस्टरला ताणावरचे व्याख्यान ऐकायला दुपारी दोनला बोलावणे म्हणजे तिची झोप मोडणे. दीर्घ श्वसन, ध्यान आणि सकारात्मक विचार यांवर तासभर बोलून सत्र संपले तर ऐकणाऱ्यांच्या पदरात फारसे पडत नाही. सत्र कामी यावे असे वाटत असेल तर टेबलावर ड्यूटी लिस्ट हवी.

यादीत आधी शोधायची गोष्ट म्हणजे 'इव्हिनिंगला लागून मॉर्निंग'. परळच्या एखाद्या रुग्णालयात काम करणारी आणि बदलापूरला राहणारी परिचारिका उदाहरणादाखल घेऊ. दुपारची पाळी रात्री नऊला संपते. पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती म्हणजे ओव्हर देऊन, कपडे बदलून दादरला गाडी मिळेपर्यंत पावणेदहा-दहा होतात. सुमारे सव्वा तासाच्या प्रवासानंतर ती साडेअकराच्या सुमारास घरी पोहोचते. जेवण, भांडी आणि उद्याच्या डब्याची तयारी आटोपून पाठ टेकेपर्यंत साडेबारा वाजतात. सकाळी सातच्या आधी वॉर्डात हजर व्हायचे तर सव्वाचारला उठावे लागते. यादीत या दोन पाळ्यांमध्ये दहा तासांची विश्रांती दिसते, पण झोप होते ती पावणेचार तास. युरोपीय संघाच्या 2003 च्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशात दोन दिवसांच्या कामामध्ये सलग किमान अकरा तास विश्रांती सांगितली आहे. आपल्याकडे अकरा तास दिले तरी बदलापूरच्या सिस्टरला तासभरच जास्त मिळेल, कारण यादी करताना लोकलचा प्रवास कोणी धरत नाही.

म्हणून सत्रातला पहिला अभ्यास असा घेता येतो : प्रत्येकीने मागच्या महिन्याच्या यादीतील आपल्या अशा जोड्यांवर खूण करायची आणि त्यांपुढे झोपेचे खरे तास लिहायचे. इन्चार्ज सिस्टर समोर असावी. लांब राहणाऱ्यांच्या जोड्या आधी तोडायच्या. ते जमत नसेल तर जवळ राहणारीशी अदलाबदल आधीच ठरवून ठेवायची, म्हणजे आदल्या रात्री फोनवर विनवण्या कराव्या लागत नाहीत. पाळ्या मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने लावल्या तर शरीराला सोसणे सोपे जाते, कारण उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सहज जमते.

रात्रपाळीत साधारण तीन ते पाच हा काळ सर्वांत अवघड असतो. शरीराचे तापमान खाली असते आणि सावधपणा उतरलेला असतो. इन्सुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियम क्लोराइड यांसारखी औषधे या वेळी दोघींनी मिळून तपासावीत. त्याआधी वीस ते तीस मिनिटांची झोप ठरवून घेतली तर उपयोग होतो. त्याहून लांब झोपले तर उठल्यावर काही वेळ डोके जड राहते, आणि नेमकी तेव्हाच इमर्जन्सी आली तर घात होतो. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यावी. कॅफिनचा निम्मा अंश उतरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून पहाटे पाचचा चहा सकाळी घरची झोप उडवतो.

ही डुलकी चोरून घ्यावी लागू नये, एवढे तरी टीमने पाहावे. कोण कधी पडणार आणि तोवर तिच्या खाटा कोण पाहणार, हे ओव्हरच्या वेळीच ठरवून घ्यावे. इन्चार्ज सिस्टरला हे माहीत असले तर पकडले जाण्याची भीती राहत नाही आणि झोप खरोखर लागते. मात्र वॉर्डात एकच परिचारिका असेल तर हा उपाय लागू होत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या दंडकानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. जिथे एकीवर अख्खा वॉर्ड आणि जमिनीवरच्या गाद्याही असतात, तिथे सत्रातून मनुष्यबळाची लेखी मागणी निघाली तर ते अधिक मोलाचे.

मूल दगावले किंवा नातेवाईक अंगावर धावून आले, तर त्यानंतर सगळ्यांना बसवून 'काय वाटलं ते सांगा' असा आग्रह धरण्याची पद्धत आहे. संशोधनात अशा एकवेळच्या सक्तीच्या बैठकीचा फायदा दिसलेला नाही, काहींना त्रासच होतो. त्यापेक्षा पाच-दहा मिनिटांचे कामाचे बोलणे बरे : घडले काय, औषध आणि साहित्य कुठे अडले, हिचे पुढचे रुग्ण कोण घेते, घरी सोबत कोण जाते. ज्यांना मनातले बोलायचे असेल त्या नंतर बोलतील. धक्काबुक्की झाली असेल तर तक्रार इन्चार्जने संस्थेच्या वतीने पुढे न्यावी. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध 2010 चा कायदा आहे आणि परिचारिका त्यात येतात.

बर्नआउट आणि नैराश्य यांत गल्लत होता कामा नये. बर्नआउट बहुधा कामाभोवती असतो आणि चार दिवस गावी गेल्यावर थोडा तरी सैल होतो. सुट्टीतही कशात मन लागत नसेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर यादी बदलून भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. स्वतःच्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत रांगेत उभे राहायला परिचारिका कचरतात, कारण केसपेपर काढणारा ओळखीचा असतो. अशा वेळी टेली मानसचा 14416 हा क्रमांक उपयोगी पडतो. ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.

सत्राचा परिणाम टाळ्यांवरून किंवा अभिप्रायाच्या कागदावरून कळत नाही. तीन महिन्यांनी तीच यादी पुन्हा काढून इव्हिनिंगला लागून आलेल्या मॉर्निंग, डबल ड्यूट्या, रद्द झालेले ऑफ आणि आजारपणाच्या रजा मोजाव्यात. आकडे खाली आले नसतील, तर पुढच्या सत्राला परिचारिकांसोबत ड्यूट्या मंजूर करणाऱ्या मेट्रनलाही बसवावे.