पासबुकातल्या ओळी कशा वाचायच्या आणि कापलेल्या पैशांचा अर्ज परत का येतो

पासबुकाचा स्क्रीनशॉट पाठवून "माझे पैसे कापले, कुठे अर्ज करू" असं विचारणारे बरेच असतात, आणि त्यातले निम्मेअधिक अर्ज बँक परत पाठवते कारण नेमकी कुठली ओळ चुकीची आहे तेच अर्जात लिहिलेलं नसतं. एका खात्याच्या चार ओळी घेऊन बघू.

```
05/10 ACH-DR 2500.00 Dr
05/10 ACH-DR REV 2500.00 Cr
06/10 ACH RTN CHRG 295.00 Dr
06/10 UPI/DR/527804417283 850.00 Dr
```

प्रत्येक बँक शब्द थोडे वेगळे छापते पण सांगाडा हाच. Dr म्हणजे गेले, Cr म्हणजे आले. ACH म्हणजे हप्ता, एसआयपी, विमा असं काहीतरी, ज्याच्या ऑटो डेबिटला तुम्ही कधीतरी सही करून परवानगी दिली होती. पहिली ओळ बघून लोक म्हणतात हप्ता गेला. दुसरी ओळ बघतच नाहीत! REV म्हणजे तेवढेच पैसे परत आले, म्हणजे हप्ता गेलाच नाही, बाउन्स झाला. तिसरी ओळ त्याचाच दंड.

आता हे २९५ विचित्र वाटतात ना, याला १.१८ ने भागा. २५० येतात. बँकेच्या चार्जवर १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळे असली अर्धवट दिसणारी रक्कम भागून सरळ आकडा आला तर बहुतेक वेळा तो बँकेचा चार्जच असतो, कोणी चोरलेले पैसे नसतात. २३.६० दिसले तर मूळ २०, आणि खात्यात पैसे नसताना एटीएममध्ये कार्ड घातलं तर हाच आकडा बऱ्याच ठिकाणी लागतो. कर्ज देणारी कंपनी तिचा बाउन्स चार्ज वेगळा लावते, तो या पासबुकात शोधू नका, कर्जाच्या स्टेटमेंटमध्ये सापडेल.

हप्ता बाउन्स का झाला? ५ ऑक्टोबर २०२५ ला रविवार होता. "रविवारी बँक बंद, सोमवारी सकाळी पैसे भरू" हा जुना हिशोब, आणि तो आता चालत नाही कारण १ ऑगस्ट २०२१ पासून ही ऑटो डेबिटची यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालू असते. पैसे आदल्या दिवशीच खात्यात हवेत. या २९५ साठी "रविवार होता" असं लिहून अर्ज केलात तर तो नामंजूर होणार, मी स्वतः दोघातिघांना सांगून थकलो. हो, कर्ज फिटलेलं असताना किंवा परवानगी रद्द केलेली असताना डेबिट आलं असेल तर मात्र जरूर भांडा, आणि सोबत कर्ज फिटल्याचं पत्र किंवा रद्द केल्याची पोच जोडा.

चौथी ओळ खरी अर्जाची. दुकानात क्यूआर स्कॅन करून ८५० दिले, खात्यातून गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. त्यातला बारा आकडी नंबर म्हणजे आरआरएन, त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. त्यातला पहिला ५ म्हणजे २०२५, पुढचे २७८ म्हणजे वर्षाचा २७८ वा दिवस, म्हणजे ५ ऑक्टोबर. पासबुकात ६ तारीख छापली कारण व्यवहार रात्री उशिरा झाला, पण मुदत मोजायची ती व्यवहाराच्या तारखेपासून. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानाचं असं अडकलेलं पेमेंट पाच दिवसांत, म्हणजे १० तारखेपर्यंत आपोआप परत यायला हवं, त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तुम्ही न मागता. माणसामाणसातलं यूपीआय असेल तर मुदत एकच दिवस. अर्जाआधी पुढच्या दहा दिवसांच्या ओळींत तोच आरआरएन शोधा, कारण परत आलेले पैसे दुसऱ्याच तारखेला पडलेले असतात आणि लोक रक्कम बघून पुढे जातात.

कागदपत्रांत स्क्रीनशॉट चालत नाही, त्यात नरेशन, म्हणजे व्यवहाराचं वर्णन, अर्धं कापलेलं असतं. पासबुकाच्या प्रिंटातही तेच. नेट बँकिंगमधून त्या महिन्याचं पूर्ण स्टेटमेंट पीडीएफ काढा, किंवा शाखेतून घ्या. अर्जात एका व्यवहाराची एकच ओळ: तारीख, आरआरएन, रक्कम, काय झालं. खातेदारानेच सही करायची.

आणि जो कागद कोणाकडेच नसतो तो म्हणजे तक्रारीची पोच. काउंटरवर तोंडी सांगून आलात तर बँकेच्या लेखी तक्रार झालीच नाही (साहेब "बघतो" म्हणाले हा पुरावा नाही). तक्रार क्रमांक घ्या किंवा अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. तिथे पहिल्यांदा विचारतात तो हाच क्रमांक आणि तारीख, त्यामुळे तो नसेल तर आधी बँकेत जा आणि तीस दिवस त्या दिवसापासून मोजा.